फुकटच्या झूमवर चाळीस मिनिटांचं गणित कसं बसवायचं?

प्रश्न: झूमची फ्री मीटिंग बरोबर ४० मिनिटांनी आपोआप बंद होते. असं का करतात? आमचा कार्यक्रम दीड तासाचा असतो, काय करता येईल?

उत्तर: हा बिघाड नाही, मर्यादा मुद्दाम घातलेली आहे. दोघांचा कॉल बऱ्याचदा थेट एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो, पण माणसं वाढली की प्रत्येकाचं चित्र आणि आवाज कंपनीच्या सर्व्हरमधून सगळ्यांकडे पाठवावा लागतो. त्याचा खर्च मिनिटागणिक वाढतो. पूर्वी दोघांच्या कॉलला ही मर्यादा नव्हती, २०२२पासून त्यालाही लागली. त्यामुळे मला वाटतं, खर्चापेक्षा धंद्याचं गणित मोठं आहे: ४० मिनिटांत सोय पसंत पडते, पण तासाभराची बैठक काही पुरी होत नाही.

आमच्या वाचनकट्ट्याला बावीस-पंचवीस जण असतात. सुरुवातीला मी सातच्या कार्यक्रमासाठी पावणेसातलाच मीटिंग उघडायचो, कॅमेरा-माइक तपासायला. पण घड्याळ सुरू होतं ते मीटिंग सुरू केल्यापासून. पहिली पंधरा मिनिटं "माझा आवाज येतोय का?" यातच जायची आणि सात पंचविसाला वाचणाऱ्या ताईंचं वाक्य अर्धवट तुटायचं.

आता तपासणीसाठी आदल्या दिवशी वेगळी मीटिंग घेतो. कार्यक्रमाच्या दिवशी दोन मीटिंगा आधीच शेड्यूल करतो, पहिली ७:००ची, दुसरी ७:५०ची, आणि दोन्ही लिंका "भाग १", "भाग २" असं लिहून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. मी बरोबर सातला उघडतो. वाचन ७:३५पर्यंत संपवायचं, मग मीच निरोप घेऊन मीटिंग बंद करतो, ती तुटायची वाट बघत नाही. मध्ये चहा. पंधरा मिनिटांची ही मोकळीक गरजेची आहे, कारण ज्येष्ठ मंडळींना पुन्हा लिंक शोधून आत यायला वेळ लागतो. दुसऱ्या भागात चर्चा, ८:२५पर्यंत. असा सुमारे दीड तास होतो.

एक गोष्ट आवर्जून करा: चॅटमध्ये कुणी पुस्तकांची नावं, फोन नंबर टाकले असतील तर बंद करण्याआधी कॉपी करून ग्रुपवर टाका. मीटिंग बंद झाली की चॅटची खिडकीही जाते.

मध्ये खंड चालणारच नसेल, म्हणजे बाहेरचे वक्ते किंवा सलग मैफल असेल, तर पैसे फक्त होस्टने भरायचे असतात. येणाऱ्या कुणाला पैसे भरायची गरज नाही, आणि पाहुण्याकडे पैसे भरलेलं खातं असलं तरी होस्ट फुकटचा असेल तर त्याचा उपयोग नाही. तेवढ्या एका महिन्यापुरता प्लॅन घ्या, आणि आपोआप होणारं नूतनीकरण त्याच दिवशी बंद करून ठेवा. दुसरा मार्ग गूगल मीटचा: फुकटात तीन किंवा जास्त जणांना तिथे ६० मिनिटं मिळतात. दीड तासासाठी तिथेही दोन भाग करावेच लागतील, पण पहिल्या भागात घाई होत नाही.