लीडरशिप स्टेटमेंट लिहायलाय? आधी हे वाच

भाऊ, मॅनेजरच्या प्रमोशनसाठी लिहिलेला तुझा ड्राफ्ट वाचला. सात मूल्यं टाकलीस, एवढी नको, दोनच ठेव, अन् प्रत्येकाखाली घडलेला एकच प्रसंग. नुसतं "मी पारदर्शक आहे" लिहिलं की पॅनल लगेच विचारतं, कधी, आणि तिथंच माणूस अडकतो, मी पण पहिल्यांदा असाच अडकलो होतो.

तुझा तो जूनमधला पीककर्जाचा किस्सा घे ना. ओळखीच्याची फाईल आधी काढा म्हणून फोन आला, तू सगळ्या फाईलींचे नंबर बोर्डावर लिहायला लावलेस, वरचे साहेब दोन दिवस बोलले नाहीत तरी नंबर बदलला नाहीस. हे साहेबांचं लिहायचंच, कारण ज्या मूल्यापायी काही सोसलं नाही ते पॅनलला खरं वाटत नाही. (नावं मात्र टाळ बरं.)

नवीन माणूस हमखास चुकतो ते:
- सगळीकडे "आम्ही केलं". टीमचं श्रेय दे, पण निर्णय तुझा होता तिथं "मी" लिही.
- प्रसंग लै लांब. अडचण, तू काय केलंस, पुढं काय झालं, चार-पाच ओळीत बसव.
- पुढच्या पोस्टचा पत्ताच नाही. शेवटी एक ओळ लिही, मॅनेजर झाल्यावर हेच तू कसं करशील.

मग मोठ्यानं वाच, दोन मिनिटाच्या वर गेलं की काप.