आठ जनावरांचा गोठा आणि लसीकरणाचं वेळापत्रक

प्रश्न: पशुसंवर्धन पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. घरी पाच संकरित गायी आहेत, त्यातली एक आठ महिन्यांची गाभण. शिवाय चौदा महिन्यांची कालवड, पाच महिन्यांची कालवड आणि दोन महिन्यांचा गोऱ्हा. मोठ्यांना लाळ्या-खुरकुताची लस सप्टेंबरच्या सुरुवातीला झाली, लहान दोघांना अजून काहीच दिलेलं नाही. आता मार्च लागलाय. तक्त्यात बऱ्याच लसींपुढे "पावसाळ्यापूर्वी" लिहिलंय, मग मे महिन्यात एकाच दिवशी सगळ्यांना सगळं देऊन टाकलं तर चालेल का?

उत्तर:

नाही चालणार. लाळ्या-खुरकुताची तारीख आताच आलेली आहे. लहान कालवडीची एक लस अशी आहे की तिचं वय निघून गेलं तर ती मग देता येत नाही. आणि गोऱ्ह्याला मे महिन्यात जेमतेम चार महिने पुरे होतील. तक्ता हा आजारांचा असतो. वेळापत्रक मात्र प्रत्येक जनावराचं वय, गाभणकाळ आणि आधी काय दिलंय ते पाहून मांडावं लागतं.

आधी वासरांचं समजून घ्या, बाकीचं त्यावरून सुटतं. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतात, ती सगळी चिकातून येतात. आतड्यातून ती शोषली जाण्याची क्षमता पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असते आणि चोवीस तासांत जवळपास संपते. म्हणून ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसात साधारण ३ लिटर चीक मिळाला पाहिजे, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. वार पडायची वाट पाहत चीक रोखून धरतात, त्यात वासराचं मोठं नुकसान होतं.

हीच आईकडून आलेली प्रतिपिंडं पुढे लसीच्या आड येतात. दीड-दोन महिन्यांच्या वासराला लाळ्या-खुरकुताची लस टोचली, तर ती त्याच्या शरीराला ओळख पटवण्याआधीच निकामी होते. नोंदवहीत "लस दिली" असं पडतं, संरक्षण काही तयार होत नाही. म्हणून पहिला डोस चौथ्या महिन्यानंतर. तोही एकटा पुरत नाही, कारण ही मारलेल्या विषाणूची लस आहे. पहिल्या डोसने शरीराला ओळख होते, महिन्याभराने दिलेल्या बूस्टरने खरी पातळी गाठली जाते, आणि तीही काही महिन्यांत उतरते. म्हणून पुढे दर सहा महिन्यांनी. माझ्या मते गोठ्यांमध्ये सगळ्यात जास्त चुकतो तो हाच महिन्याचा बूस्टर. मोहिमेत पथक येऊन जातं, वासराला पहिला डोस मिळतो, आणि दुसरा थेट पुढच्या फेरीला, सहा महिन्यांनी. मधल्या काळात ते वासरू जवळजवळ उघडंच असतं.

आता तुमचा गोठा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, समजा ५ मार्चला, चार गायी आणि मोठी कालवड यांना लाळ्या-खुरकूत द्या. जंतनाशक आठ-दहा दिवस आधी देतात. ते राहिलं असेल तर त्यासाठी लस थांबवू नका, डॉक्टरांना विचारून नंतर द्या. मोठ्या कालवडीला वासरूपणी बूस्टर मिळाला होता का, हे नोंदीत पाहा. नसेल तर तिलाही महिन्याने एक डोस जास्तीचा.

आठ महिन्यांची गाभण गाय या फेरीत वगळा. लस गर्भाला मारते म्हणून नव्हे. शेवटच्या दोन महिन्यांत तिला दावणीला जखडणं, झटापट आणि नंतरचा एक-दोन दिवसांचा ताप, यातून गर्भपाताचा धोका असतो. ती एप्रिलच्या सुरुवातीला विईल, तेव्हा एप्रिलच्या शेवटी तिचा डोस. पुढच्या वेताला मात्र तारखा अशा जुळवा की सहावा महिना संपायच्या आत तिची लस झालेली असेल. म्हणजे ताण टळतो आणि चिकातही प्रतिपिंडं चांगली उतरतात.

लम्पीसाठी शेळ्यांच्या देवीची जिवंत लस गायींना कातडीखाली देतात, वर्षातून एकदा. माश्या, डास आणि गोचीड वाढायच्या आत ती व्हावी. मोठ्या जनावरांना १ एप्रिलच्या आसपास द्या; मोठ्या कालवडीला बूस्टर लागला तर तिला त्यानंतर तीन आठवड्यांनी. दोन लसींमध्ये तीन आठवडे ठेवण्याचा शिरस्ता सांभाळला की रिअॅक्शन आली तर ती कशाची, हेही कळतं.

घटसर्प आणि फऱ्या यांची तारीख पावसावरून मागे मोजायची. महाराष्ट्रात मान्सून साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. लस टोचल्यापासून संरक्षण उभं राहायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणजे २० मेच्या पुढे ढकलायचं नाही. पहिला पाऊस पडल्यावर घाईने दिलेली लस त्या पहिल्या धोक्याच्या आठवड्यांत कामाला येत नाही. घटसर्पात जबर ताप, गळ्याखाली गरम सूज आणि घरघर सुरू झाली की जनावर कित्येकदा एका दिवसात जातं, उपचाराला वेळच मिळत नाही. फऱ्या मुख्यतः सहा महिने ते दोन वर्षांच्या, अंगाने भरलेल्या जनावरांना गाठतो. मांडी-फऱ्यावर सूज येते आणि दाबली की चरचर वाजते. तुमच्या दोन्ही कालवडी नेमक्या त्याच वयात असतील.

लहान कालवडीचा मार्ग थोडा गर्दीचा आहे. तिचा जन्म ऑक्टोबरच्या सुरुवातीचा धरतो. ५ मार्चला लाळ्या-खुरकुताचा पहिला डोस, ५ एप्रिलला बूस्टर, २६ एप्रिलला सांसर्गिक गर्भपाताची म्हणजे ब्रुसेलोसिसची लस, २० मेला घटसर्प आणि फऱ्या, १० जूनच्या सुमारास लम्पी. लम्पी शेवटी ठेवली, कारण घटसर्प जास्त झटपट मारतो आणि ब्रुसेलाची मुदत संपत येते. गावाजवळ लम्पी सुरू असेल तर हा क्रम डॉक्टरांशी बोलून बदला.

ब्रुसेलाची एस-१९ ही लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. तुमच्या कालवडीची मुदत जूनच्या सुरुवातीला संपते. मोठी कालवड या वयातून केव्हाच पुढे गेली, तिला आता देऊ नका. वय उलटून दिली तर प्रतिपिंडं रक्तात दीर्घकाळ राहतात आणि पुढे तपासणीत निरोगी गाय रोगी ठरू शकते. गाभण गायीला दिली तर तीच लस गर्भपात घडवू शकते. नरांना ती देतच नाहीत, वृषणाला दाह होतो. ही जिवंत लस माणसालाही बाधते. टोचणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा घालायचाच. सुई हाताला लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर जागा भरपूर पाण्याने धुवून लगेच माणसांच्या डॉक्टरकडे जायचं, आणि काय टोचलं गेलं ते सांगायचं.

गोऱ्ह्याला मेच्या सुरुवातीला चार महिने होतील, तेव्हा लाळ्या-खुरकूत आणि जूनच्या सुरुवातीला बूस्टर. घटसर्प-फऱ्या सहा महिन्यांना, म्हणजे जुलैत, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी लम्पी. पावसाचा पहिला महिना तो घटसर्पाच्या लसीविना काढेल, ही या आराखड्यातली खरी फट आहे. तुमच्या भागात दरवर्षी घटसर्प येत असेल तर काही डॉक्टर आधी एक डोस देऊन सहा महिन्यांनंतर पुन्हा देतात; हे विचारून ठरवा. तोवर त्याच्याभोवतीची सगळी जनावरं लस घेतलेली असणं आणि त्याला कोरड्या जागी बांधणं, एवढंच हातात आहे. संकरित वासरांसाठी थायलेरिया या गोचीडतापाची लसही आहे, तीन महिन्यांनंतर एकदा. पण ती द्रव नायट्रोजनमध्ये साठवावी लागते, त्यामुळे सगळीकडे सहज मिळत नाही. गोचिडांचा त्रास असेल तर चौकशी करा.

व्यालेल्या गायीचं राहिलं: एप्रिलअखेर लाळ्या-खुरकूत, २० मेला सगळ्यांबरोबर घटसर्प-फऱ्या, जूनच्या मध्यात लम्पी. सप्टेंबरमध्ये पुन्हा सगळा गोठा लाळ्या-खुरकुताच्या एका तारखेवर आणता येईल.

लस वाया जाते ती बहुधा टोचायच्या आधीच. २ ते ८ अंश सेल्सियस ही मर्यादा दोन्ही बाजूंनी पाळायची असते. उन्हात ठेवलेली बाटली बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं. गोठलेली बाटलीही बिघडते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात किंवा थर्माकोलच्या डब्यात थेट बर्फाला टेकून ठेवलेली लाळ्या-खुरकुताची, घटसर्पाची लस गोठली की तिचं तेलाचं किंवा तुरटीचं मिश्रण फुटतं. हलवूनही बाटलीत थर वेगळे दिसत राहिले किंवा गुठळ्या तळाशी बसल्या तर ती फेकून द्या. बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये जाड कागद किंवा कापड ठेवा. जिवंत लस सोबतच्याच द्रावणात कालवायची आणि लेबलवर दिलेल्या वेळेत, साधारण एक-दोन तासांत, संपवायची. सिरिंज स्पिरिटने धुतली असेल तर उरलेलं स्पिरिट जिवंत लस मारून टाकतं.

सुई प्रत्येक जनावराला नवी. एकाच सुईने ओळीने टोचत गेलात तर थायलेरिया, अॅनाप्लाझ्मा आणि लम्पीसुद्धा एका गायीतून दुसरीत जाऊ शकतात, मग लसीकरणानंतर पंधरा दिवसांनी गोठ्यात आजार दिसला की लोक लसीला दोष देतात. जागा मानेवर. किती मिली आणि स्नायूत की कातडीखाली, हे बाटलीवर वाचूनच ठरवा, कारण कंपनीगणिक ते बदलतं.

टोचल्यावर अर्धा तास जनावरांपाशी थांबा आणि डॉक्टरांनाही थांबायला सांगा. तोंड-पापण्या सुजणं, थरथरणं, श्वास लागणं ही तीव्र रिअॅक्शन बहुतेक याच वेळात येते आणि तेव्हा अॅड्रेनॅलिन हाताशी लागतं. एक-दोन दिवस ताप, दूध थोडं कमी होणं, टोचल्या जागी गाठ येणं हे नेहमीचं आहे. गाठ काही आठवड्यांत विरते, ती फोडू नका. दोन-तीन दिवसांतच तोंडात फोड आले, लाळ गळू लागली तर ते जनावर लस देण्याच्या आधीच बाधित होतं असं समजा, त्याला वेगळं बांधा आणि दवाखान्याला कळवा.

नोंद ठेवताना कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, लसीचं नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि पुढची तारीख, एवढं प्रत्येक जनावराच्या पानावर लिहा. नवीन गाय विकत आणलीत तर तिला चार आठवडे वेगळं बांधा, त्या काळात ब्रुसेलाची तपासणी करून घ्या, आणि "लस झालीय" या विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर न जाता बिल्ल्यावरून नोंद तपासा. नोंद सापडली नाही तर तिला लस न झालेलं जनावर धरून लाळ्या-खुरकूत आणि महिन्याने बूस्टर, असं पहिल्यापासून सुरू करा.