‘आंबवलेला’ चहा खरंच आंबतो का?

“काळ्या चहाला ‘पूर्ण आंबवलेला’ आणि हिरव्याला ‘न आंबवलेला’ चहा म्हणतात. म्हणजे झाड एकच का? आणि पानं आंबतात म्हणजे नेमकं काय होतं?”

झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे लहान पानांचा चिनी आणि मोठ्या पानांचा आसामी असे दोन मुख्य प्रकार आहेत, पण दोन्हींपासून हिरवा चहाही होतो आणि काळाही. लिनियससारख्या वनस्पतिशास्त्रज्ञानेसुद्धा १७६२ साली हिरव्या चहाचं झाड वेगळं आणि काळ्याचं वेगळं मानून त्यांना दोन नावं दिली होती. १८४०च्या दशकात स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधल्या मळ्यांत फिरून पाहिलं, तेव्हा फरक झाडात नसून पानं खुडल्यानंतरच्या कामात आहे, हे त्याने युरोपात कळवलं.

आता ‘आंबणं’. इडलीचं पीठ आंबतं ते सूक्ष्मजीवांमुळे. काळ्या चहात मुख्य काम त्यांचं नसतंच. पानाच्या पेशीत कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं एका कप्प्यात असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या. कोमेजवलेलं पान वळलं, चुरडलं की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हवेतला ऑक्सिजन लागताच कॅटेचिनं बदलू लागतात. कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं तेही याच जातीच्या विकरामुळे. म्हणून ‘ऑक्सिडीभवन’ हा शब्द इथे अचूक आहे. चहाच्या कारखान्यांत मात्र अजूनही ‘फर्मेंटेशन’च म्हणतात. विकराची भूमिका कळण्याआधी पडलेलं ते नाव कोणी बदललं नाही, आणि मराठीत त्याचंच ‘आंबवणं’ झालं.

या बदलात आधी थिआफ्लेविनं तयार होतात. चहाचा केशरी तजेला आणि जिभेवरचा तरतरीतपणा त्यांचा. पुढे थिआरुबिजिनं वाढतात, त्यांनी रंग तांबूस-तपकिरी होतो आणि चहाला भारदस्तपणा येतो. सगळी कसोटी इथे थांबण्याची वेळ साधण्यात आहे. लवकर थांबलं तर चहा कच्चट, हिरवट लागतो. फार वेळ गेला तर थिआफ्लेविनं घटतात आणि चहा गडद असूनही मंद, सपक होतो. कारखान्यात पानाचा तांबेरी रंग आणि कच्चा वास जाऊन आलेला सुगंध पाहून ते गरम हवेत वाळवतात, की विकर निकामी होतं.

हिरव्या चहात हेच विकर सुरुवातीलाच मारतात. जपानमध्ये बहुधा वाफेने, चीनमध्ये बहुधा तापलेल्या कढईत. उष्णता कमी पडली तर देठ आणि पानांच्या कडा लालसर होतात, आणि काम फसल्याचं लगेच दिसतं. कॅफीन मात्र ऑक्सिडीभवनाने फारसं बदलत नाही. ‘काळा चहा म्हणजे जास्त कॅफीन’ हे समीकरण या प्रक्रियेवरून मांडता येत नाही.

‘आंबवलेला’ हा शब्द खऱ्या अर्थाने शोभतो तो चीनच्या युन्नानमधल्या पिकवलेल्या पु-अर चहाला. त्याची पानं ओलसर ढिगात आठवडेच्या आठवडे ठेवतात आणि तिथे बुरशी व जिवाणू खरोखरच काम करतात.