एक्सेलमधले पत्ते नकाशावर: न सापडणाऱ्या ओळींचं काय करायचं?

प्रश्न: साडेचारशे ग्राहकांचे पत्ते जिओकोड केले, म्हणजे पत्त्यांवरून अक्षांश-रेखांश काढले. साठेक ओळी रिकाम्या आल्या. त्या कशा दुरुस्त करू?

पत्त्यातून फ्लॅट नंबर, मजला आणि ‘च्या मागे’, ‘च्या समोर’ अशा खुणा काढून टाका. रस्ता, भाग, शहर आणि पिनकोड एवढंच ठेवून त्या ओळी पुन्हा चालवा. ‘फ्लॅट ७, दुसरा मजला, दत्त मंदिरामागे, पौड रोड, कोथरूड, पुणे ४११०३८’ यातलं ‘पौड रोड, कोथरूड, पुणे ४११०३८’ एवढंच पाठवा. मूळ पत्ता तसाच राहू द्या, सुधारलेला शेजारच्या रकान्यात लिहा.

डिलिव्हरीच्या याद्या मी नेहमी लावते, आणि माझा अनुभव असा की रिकाम्या ओळींपेक्षा चुकून ‘सापडलेल्या’ ओळी जास्त घातक असतात. पत्ता कळला नाही की जिओकोड करणारी सेवा बऱ्याचदा गपचूप शहराचा किंवा पिनकोडचा मध्यबिंदू देते. मग वीस ग्राहक एकाच टिंबावर बसतात आणि नकाशावर एकच दिसतो. अक्षांश C मध्ये आणि रेखांश D मध्ये असतील तर हे सूत्र लावा:

```
=COUNTIFS(C:C,C2,D:D,D2)
```

आकडा मोठा आला तर आधी पत्ते बघा. एकाच सोसायटीतले असतील तर ठीक, वेगवेगळ्या रस्त्यांवरचे असतील तर त्याही ओळी नापास धरा. गूगलची सेवा वापरत असाल तर बिंदू किती अचूक आहे हे सांगणारं `location_type` जरूर साठवा. तिथे `APPROXIMATE` दिसलं की ती ओळ हाताने तपासायची.

मात्र छाटलेल्या पत्त्याने बिंदू रस्त्यावर कुठेतरी पडतो, दारात नाही. ग्राहक कुठल्या भागात आहेत हे बघायला तेवढं पुरतं. माल पोचवायचा असेल तर ग्राहकाकडून व्हॉट्सॲपवर लोकेशनच मागवा.