मोठ्या प्रोजेक्टवर डिझाइन बदलाची चेंज कंट्रोल प्रोसिजर कशी बसवायची?

प्रश्न: आमच्या प्रोजेक्टवर ड्रॉइंगची रिव्हिजन सारखी बदलतात आणि साइटवर जुन्याच ड्रॉइंगवर काम होतं. अप्रूव्हल कुणाचं घ्यायचं, रिव्हिजनचा हिशेब कसा ठेवायचा आणि वाटप कसं करायचं?

उत्तर: मी कोल्हापुरात प्लॅनिंग आणि डॉक्युमेंट कंट्रोल बघतो, बहुतेक काम कागल आणि शिरोलीच्या एमआयडीसीत असतंय. एका फाउंड्रीच्या एक्सपान्शनची केस सांगतो, म्हणजे प्रोसिजरमध्ये काय पाहिजे ते आपोआप कळेल.

मोल्डिंग मशीनच्या व्हेंडरने बेसप्लेट बदलली, एम ३६ बोल्टांचं सेंटर टू सेंटर १२०० मिमी होतं ते १२६० केलं, त्याचं ड्रॉइंग बी वरून सी झालं आणि मेल गेला परचेसला. परचेसने फाइल करून ठेवला. आमचं फाउंडेशन ड्रॉइंग आर-१, ते व्हेंडरच्या बी वरून केलेलं. आता गंमत बघा, साइटवर आर-१ च होतं म्हणजे सगळ्यांकडे लेटेस्ट ड्रॉइंग, आणि तरी काम चुकीचं. पॉकेट १५० बाय १५०, बोल्टच्या खालची प्लेट १०० ची, म्हणजे सरकायला प्रत्येक बाजूला २५ मिमी जागा आणि गरज ३० ची. नशीब, शटरिंगवरच थांबलं, मशीन फाउंडेशनच्या लेआउटला व्हेंडरचा माणूस आला म्हणून.

म्हणून रजिस्टरमध्ये नुसतं ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, तारीख एवढं ठेवून भागत नाही. हे ड्रॉइंग कुणाच्या कुठल्या ड्रॉइंगच्या कुठल्या रिव्हिजनवर बेतलंय हा कॉलम पाहिजेच, आणि ड्रॉइंगच्या रेफरन्स ब्लॉकमध्येही तेच लिहायचं. व्हेंडरचं सी आलं की डॉक्युमेंट कंट्रोलर तो कॉलम फिल्टर करतो, बी वर बसलेली सगळी ड्रॉइंगं बाहेर येतात, त्यांना लगेच ‘होल्ड’ लावायचं. त्यासाठी बाहेरून येणारं प्रत्येक ड्रॉइंग एकाच दारातून, कंट्रोलरकडूनच आत यायला पाहिजे, परचेसला आलेलंसुद्धा.

मग चेंज रिक्वेस्ट. एक पानाची पुरे: काय बदलतंय, का, कुणी मागितलं, कुठली ड्रॉइंगं आणि बीबीएस बदलणार, आणि साइटवर काम कुठवर आलंय. हा शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि खर्च तिथेच ठरतो, कारण खोदाईला बदल आला तर फक्त कागद बदलतो, सळई बांधल्यावर आला तर मजुरी जाते आणि काँक्रीट झाल्यावर आला तर कोअर कटिंग किंवा केमिकल अँकर, आणि ते चालेल का हे स्ट्रक्चरल कन्सल्टंटनेच सांगायचं.

सह्या दोन प्रकारच्या, मिसळायच्या नाहीत. टेक्निकल सही ज्याने मूळ डिझाइन केलं त्याची, आणि त्याआधी ज्यांच्या कामाला धक्का बसतोय त्यांचा शेरा. आमच्या केसमध्ये मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल, कारण केबल ट्रेंच त्या बोल्टच्या शेजारूनच जात होता. पैसा आणि वेळेची सही प्रोजेक्ट मॅनेजरची, ठरलेल्या रकमेच्या वर क्लायंटची. प्रोजेक्ट मॅनेजर कितीही सिनियर असला तरी सळई कमी करायला त्याची सही चालत नाही.

नवीन रिव्हिजन काढताना क्लाउड फक्त याच वेळच्या बदलाभोवती, आधीचे क्लाउड काढून टाकायचे आणि शेजारी त्रिकोणात रिव्हिजन नंबर. रिव्हिजन ब्लॉकमध्ये ‘जनरल रिव्हिजन’ लिहिणाऱ्याला ड्रॉइंग परत पाठवा, ‘बोल्ट पिच १२०० ऐवजी १२६०, व्हेंडर ड्रॉइंग रिव्हिजन सी प्रमाणे’ असं स्पष्ट पाहिजे. आणि एकदा बाहेर गेलेल्या आर-२ मध्ये गुपचूप काही दुरुस्त करून परत आर-२ म्हणून पाठवायचं नाही, स्पेलिंग बदललं तरी आर-३.

वाटपात नवीन पोचवणं सोपं असतं, जुनं परत आणणं अवघड. आमच्याकडे प्रत्येक प्रिंटवर ‘कंट्रोल्ड कॉपी’ शिक्का आणि कॉपी नंबर, ट्रान्समिटलवर घेणाऱ्याची सही, आणि जुनी कॉपी हातात दिल्याशिवाय नवीन मिळत नाही. परत आलेल्यावर ‘सुपरसीडेड’ मारून एक सेट ऑफिसात, बाकी फाडायच्या. सगळ्यात जास्त जुनी ड्रॉइंगं सापडतात ती बार बेंडिंग यार्डात, तिथल्या मुकादमाचं नाव वाटपाच्या यादीत नसतंच. तो फोनमधल्या व्हॉट्सॲप फोटोवर सळई कापत असतो. त्याला त्याची स्वतःची कॉपी द्या. आठवड्यातून एकदा रजिस्टर घेऊन यार्ड, शटरिंग, फॅब्रिकेटर असं फिरून प्रिंटवरचा नंबर ताडून बघा.

अर्जंट बदल होणारच, काँक्रीटची गाडी दारात उभी असताना कुणी फॉर्म भरत बसत नाही. तेव्हा डिझायनरचा मेल आणि त्यावरून लेखी साइट इन्स्ट्रक्शन एवढ्यावर काम चालू द्या, पण दोन दिवसांत रिव्हिजन निघालं पाहिजे. नाही निघालं तर त्या भागाचं बिल सर्टिफाय करायचं नाही. कॉन्ट्रॅक्टरच मग डिझायनरच्या मागे लागतो.