कुत्र्याच्या पिल्लाला भाकर चालते, पण नुसती नाही

भाऊ, लांडग्यासारखं फक्त कच्चं मटण घाला म्हणणाऱ्याचं ऐकू नका. लांडगा शिकार मिळाली की तडस लागेपर्यंत खातो, मग काही दिवस उपाशीही काढतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं लागतं. पीठ पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात सहसा २ प्रती असतात; २०१३च्या संशोधनात कुत्र्यांत ४ ते ३० आढळल्या. म्हणून ज्वारीची भाकर त्याला पचते. पण नुसत्या भाकरीवर ठेवलं तर पिल्लू खुरटतं, केस राठ होतात. भाकर कोमट पाण्यात भिजवून कुस्करा, त्यात उकडलेलं अंडं किंवा बिनहाडाचं शिजवलेलं चिकन मिसळा. कांदा-लसणाचा रस्सा मात्र अजिबात नको. सावजी तर आपल्यालाच सोसत नाही! शी पातळ झाली तर भाकर कमी करून बघा.