बाळ सांभाळायला मावशी ठेवताना आधीच्या घरी काय विचारायचं आणि कामं कशी ठरवायची

प्रश्न: आम्ही वाकडला राहतो. मुलगी सात महिन्यांची आहे आणि पुढच्या महिन्यात मला ऑफिसला रुजू व्हायचंय. सासूबाई गावी असतात, त्यामुळे दिवसभर घरात दुसरं कुणी नसेल. दोन मावशी भेटून गेल्या, दोघीही बोलायला चांगल्या वाटल्या. विश्वास ठेवायचा तरी कशाच्या आधारावर? नेमकं काय विचारायचं, आणि कामं कशी ठरवायची?

उत्तर:

ताई, अर्ध्या तासाच्या गप्पांत बहुतेक सगळ्याच चांगल्या वाटतात, त्यामुळे त्या भेटीवर फार भिस्त ठेवू नका. माझ्या दोन्ही मुलांना मावशींनीच सांभाळलं. आता आमच्या सोसायटीत कुणाला बाई ठेवायची असली की मला सोबत बसायला बोलावतात. त्यातून माझं मत असं झालंय की खरी माहिती आधीच्या घरातून मिळते, आणि माणूस कळतं ते तुम्ही घरात असताना तिने काम केलेल्या पहिल्या दहा-पंधरा दिवसांत. म्हणून ऑफिस सुरू व्हायच्या निदान दोन आठवडे आधी मावशींनी यायला लागलं पाहिजे. तुमच्याकडे महिना आहे, म्हणजे याच आठवड्यात चौकशीला लागा.

दोघींना पुन्हा एकदा बोलवा, आणि या वेळी मुलगी जागी आणि पोट भरलेली असेल अशी वेळ द्या. एक आधीच सांगते. सात-आठ महिन्यांची मुलं अनोळखी माणसाला बघून रडतातच, ते वयच तसं असतं. त्यामुळे ती कुणाकडे पटकन गेली आणि कुणाकडे बघून रडली, यावरून काहीच ठरवू नका. मावशी काय करतात ते बघा. चांगली अनुभवी बाई आल्या आल्या बाळाला ओढून कडेवर घेत नाही. हात धुते, थोडं लांब खाली बसते, वाटी-चमचा वाजवते, बाळाला स्वतःहून जवळ येऊ देते. बाळ रडत असताना ‘काही होत नाही, सवय होईल’ म्हणत जबरदस्तीने उचलणारी बाई तुम्ही नसताना घाईत काय करेल, याचा अंदाज तिथेच येतो.

‘तुम्हाला राग येतो का’, ‘तुम्ही प्रामाणिक आहात का’ असले प्रश्न विचारून उपयोग नाही, कारण त्यांचं उत्तर एकच असतं. घडलेलं विचारा. ‘आधीच्या घरचं बाळ दुपारी झोपतच नसेल तर काय करायचात?’ ‘कधी पडलं-झडलं होतं का? मग बाईंना कसं कळवलंत?’ लहान मुलांजवळ वर्षानुवर्षं काम केलेल्या बाईच्या हातून एकदाही मूल पडलं नाही, हे मला खरं वाटत नाही. ‘एकदा पलंगावरून पडलं, लगेच फोन केला, बर्फ लावला’ असं सरळ सांगणारी मला जास्त भरवशाची वाटते. झोपेचं उत्तर नीट ऐका. ‘थोडं सर्दीचं औषध दिलं की छान झोपतं’ असं कुणी सहज म्हणालं, तर बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी मी तिथेच थांबेन.

खाण्याचंही विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, खोबऱ्याचे तुकडे हातात द्यायचे नसतात. हे मावशींना माहीत नसेल तर तेवढ्यावरून नकार देऊ नका, ते शिकवता येतं. पण सांगितल्यावर ‘आमच्याकडे सगळ्यांनी चाटवलाय मध’ असा वाद झाला तर विचार करा. घशात काही अडकलं तर न दिसणाऱ्या गोष्टीसाठी तोंडात बोट घालायचं नाही. बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून घ्यायचं आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच थापा द्यायच्या. त्याने निघालं नाही तर पुढे काय करायचं हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून तुम्ही आणि मावशी दोघींनी एकत्रच शिकून घ्या.

आता आधीच्या घरची चौकशी. फोन करून आपण विचारतो, ‘मावशी कशा आहेत?’ पलीकडून उत्तर येतं, ‘चांगल्या आहेत हो.’ एवढ्यावर फोन ठेवला तर काही कळलेलं नसतं. आधी मावशींकडून बारीकसारीक माहिती घ्या: तिथे किती दिवस होतात, बाळाचं लाडाचं नाव काय, तुम्ही लागलात तेव्हा किती महिन्यांचं होतं, काय खायचं, घरात आणखी कोण होतं, काम का सुटलं. मग हेच फोनवर त्या बाईंना विचारा, स्वतःहून उत्तर न सुचवता. ‘दोन वर्षं होत्या ना तुमच्याकडे?’ असं विचारलं तर ‘हो’ म्हणणं सोपं असतं. ‘कधीपासून कधीपर्यंत होत्या?’ असं विचारा.

आमच्या इमारतीतल्या एका घरी थेरगावहून येणाऱ्या एक मावशी ठरत होत्या. त्यांनी दिलेल्या नंबरवर फोन लावला तेव्हा पलीकडच्या बाई मावशींचं कौतुक भरभरून करत होत्या, पण ‘तुमचा मुलगा तेव्हा केवढा होता?’ म्हटल्यावर अडखळल्या. दूध बाटलीने पीत होता की वाटी-चमच्याने, तेही सांगता येईना. आईला हे आठवत नाही असं होत नाही. मग आम्ही इमारतीचं नाव विचारलं आणि तिथे जाऊन वॉचमनला भेटलो. तो मावशींना ओळखत होता, पण त्या तिथे धुण्याभांड्याला यायच्या. फोनवर होती ती त्यांची नात्यातली बाई. मावशींना समोर बसवून शांतपणे विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की बाळाचं काम केलं नाही म्हटलं तर कुणी घेत नाही, आणि त्या कामाला पैसे जास्त मिळतात. मला त्यांची अडचण समजली. पण दिवसभर एकटं बाळ ज्यांच्याकडे सोपवायचं, त्यांनी पहिल्याच गोष्टीत खोटं सांगितलं होतं. त्या घराने त्यांना वरकामाला ठेवलं, आणि ते काम त्या उत्तम करतात. बाळासाठी दुसऱ्या मावशी शोधल्या. म्हणून शक्य असेल तर आधीच्या घरी प्रत्यक्ष जा, निदान वॉचमनशी आणि त्या मजल्यावरच्या दुसऱ्या कुणाशी तरी बोला.

फोनवर मला सगळ्यात उपयोगी पडणारे प्रश्न दोन. ‘ज्या दिवशी यायला जमणार नसायचं, तेव्हा कळवायच्या का, कधी कळवायच्या?’ आणि ‘परत गरज पडली तर त्यांनाच बोलवाल का?’ दुसऱ्या प्रश्नानंतर पलीकडे जी शांतता पसरते किंवा पसरत नाही, ती लक्षात घ्या. मात्र ‘अचानक काम सोडून गेली’ अशी तक्रार ऐकली तर मावशींची बाजूही विचारा. पगार वेळेवर न देणं, रोज तासभर जास्त थांबवून घेणं, घरच्या पुरुषांचं वागणं, अशी कारणंही निघतात.

पोलीस व्हेरिफिकेशन जरूर करा. तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात फोटो, ओळखपत्राची प्रत, इथला आणि गावचा पत्ता द्यावा लागतो. सगळ्यांचंच करतो असं मावशींना आधी सांगा, म्हणजे संशय घेतल्यासारखं वाटणार नाही. त्यातून ओळख आणि पत्ता नोंदला जातो. बाळाशी त्या कशा वागतील हे त्यातून कळत नाही, त्यामुळे तो कागद आला म्हणून पुढची पायरी गाळू नका. मूळ आधार कार्ड स्वतःकडे कधीही ठेवून घेऊ नका, प्रत पुरे. जात, नवऱ्याचं व्यसन, घरातली भांडणं यांची चौकशी करायचं कारण नाही. त्यांची मुलं केवढी आहेत आणि आजारी पडली तर त्यांच्याजवळ कोण थांबतं, हे मात्र आपुलकीने विचारा. मी पाहिलेले बरेचसे खाडे याच कारणाने होतात, आणि त्या दिवसाची सोय तुम्हाला आधीच लावून ठेवावी लागेल.

आता कामं. माझं ठाम मत आहे की बाळाचं काम आणि घरकाम एकाच माणसावर टाकू नये. बाळाचे कपडे, बाटल्या, बाळाची खिचडी, बाळाची खोली आवरणं इथपर्यंत ठीक. पण ‘बाळ झोपलं की केर-फरशी करा, संध्याकाळच्या पोळ्या टाका’ म्हटलं की मावशींचं लक्ष बाळाला लवकर झोपवण्याकडे लागतं, आणि रांगतं मूल गॅसजवळ एकटं फिरायला लागतं. भांड्यांना आणि पोळ्यांना वेगळी बाई ठेवा.

ठरलेलं मराठीत एका कागदावर लिहा, वाचून दाखवा आणि एक प्रत त्यांना द्या. येण्या-जाण्याची वेळ, उशीर झाला तर जास्तीचे पैसे किती, पगार कोणत्या तारखेला, आठवड्याची सुट्टी कोणती, गावची जत्रा आणि सणांच्या रजा किती, दिवाळीला काय, एवढं त्यात हवं. खाड्याचा हिशोबही आधीच ठरवा. समजा पगार १५,६०० ठरला आणि महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले, तर एका दिवसाचे ६०० होतात. ठरलेल्या रजेपलीकडच्या खाड्याला तेवढेच कापायचे आणि सुट्टीच्या दिवशी बोलावलंत तर तेवढे जास्त द्यायचे, हे दोन्ही लिहा. तुम्ही स्वतः सुट्टी घेतलीत म्हणून त्यांचा पगार कापायचा नाही. उचल मागितली तर तीही लिहून: १०,००० दिले तर दरमहा २,००० प्रमाणे पाच महिने. पगार किती ठरवायचा ते तुमच्याच भागातल्या चार घरांत विचारा, कारण वाकडमध्येही सोसायटीगणिक फरक पडतो.

मग ते पंधरा दिवस, पहिल्या दिवसापासून पगारी. सुरुवातीला तुम्ही करा, मावशी बघतील. मग त्या करतील आणि तुम्ही घरात, पण दुसऱ्या खोलीत. त्यानंतर तासभर बाहेर जा, मग अर्धा दिवस, आणि एक-दोनदा सांगितल्या वेळेच्या आधी परत या. आलात की मावशींआधी मुलीकडे बघा. लंगोट ओला किती, ओठ कोरडे आहेत का, मोबाईलसमोर बसवलंय का. नेहमीपेक्षा खूप जास्त आणि गाढ झोपायला लागली, उठवल्यावरही सुस्त राहिली, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि काय दिलं होतं ते विचारा. मावशी खोलीत आल्यावर ती त्यांच्याकडे हात पसरते की तुम्हाला घट्ट बिलगते, हे दुसऱ्या आठवड्यापासून बघण्यासारखं असतं. पहिल्या आठवड्यात नाही.

कॅमेरा लावणार असाल तर फक्त हॉल आणि बाळाच्या खोलीत लावा, आणि लावलाय हे पहिल्याच दिवशी सांगा. बाळाच्या खोलीत कॅमेरा असेल तर मावशींना कपडे बदलायला, जेवून जरा पाठ टेकायला दुसरी जागा दाखवा.

या दिवसांत मन तयार झालं नाही तर ओढत नेऊ नका. त्याच दिवशी कारण स्पष्ट सांगा, झालेल्या दिवसांचे पूर्ण पैसे हातात द्या, आणि शक्य असेल तर चार दिवस जास्तीचे द्या, कारण तुमच्यासाठी त्यांनी दुसरं काम नाकारलेलं असू शकतं. आत्ता भेटलेल्या दोघींपैकी जिला थांबवणार आहात, तिलाही नक्की कोणत्या तारखेपर्यंत कळवाल ते आजच सांगून ठेवा.